वेतनकरार: 'नऊ हजार' म्हणजे नक्की किती?

युनियनचं मागणीपत्र आलं की सगळ्यांचं लक्ष त्यातल्या आकड्याकडे जातं. यंदाची मागणी होती तीन वर्षांच्या करारात प्रत्येक कामगाराला महिन्याला 18,000 रुपयांची वाढ. पण आमची, म्हणजे व्यवस्थापनाची, तयारी अडली ती हेड ऑफिसच्या एका ओळीच्या मेलवर: 'कमाल मर्यादा 9,000.' हे सीटीसी म्हणजे कंपनीचा एकूण खर्च, की ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार, पहिल्या वर्षी किती द्यायचे, काहीच नाही. विचारलं तर उत्तर यायचं, 'तुम्ही बोलणी सुरू करा.' अशी बोलणी सुरू करताच येत नाहीत. याचा राग मला अजून आहे.

हिशेबच बघा. पीएफ पूर्ण बेसिकवर भरत असाल, तर बेसिकमध्ये 1,000 वाढले की कंपनीचा पीएफ 120 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 48 रुपये, म्हणजे खर्च 1,168. त्या हिशेबाने 9,000 सीटीसी सगळी बेसिकमध्ये टाकली तर ग्रॉस वाढते साधारण 7,700. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ गेला की हातात पडतात 6,780 च्या आसपास. युनियनचा कमिटी मेंबर गेटवर हातात पडणारा आकडा सांगतो, हेड ऑफिस सीटीसी बोलतं. दोघंही 'नऊ' म्हणतात आणि सहीच्या दिवशी भांडण होतं. दुप्पट दराचा ओव्हरटाइम यात धरलेलाच नाही, तो गेल्या वर्षीच्या तासांवरून वेगळा काढावा लागतो.

दुसरी मेख वाटपाची. 9,000 ची वाढ पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी 50:30:20 टक्के अशी वाटली तर तीन वर्षांत एका कामगारामागे 2,48,400 रुपये जातात; 60:20:20 केले तर 2,59,200. आमच्या 180 कामगारांवर हा फरक 19,44,000 रुपयांचा आहे. म्हणून मर्यादा मागताना तीन वर्षांची एकूण रक्कम लेखी मागा. ती हातात असली की टेबलावर वाटप बदलून देता येतं.

खालची बाजू मात्र लवकर ठरली. मागचा करार 6,500 चा होता. महागाई वर्षाला 5 टक्के धरली तर तेवढ्याच किमतीची वाढ आज 7,500 होते. त्याखाली कमिटी सही करूच शकत नाही, सभासद तिला उभं करणार नाहीत. म्हणून रास्त पट्टा 7,500 ते 9,000, पहिली ऑफर 5,500. त्याहून खाली सुरुवात केली तर पहिल्याच बैठकीत लोक उठून जातात. शेजारच्या कंपन्यांचे करार मागवाच, पण त्यांचा कालावधी बघा. साडेतीन वर्षांचे 10,000 आणि तीन वर्षांचे 10,000 सारखे नाहीत.

आपल्या मागण्याही रुपयांत मांडून ठेवा. उत्पादन 8 टक्के वाढवून हवं असेल तर लाइनची क्षमता आधी तपासा. मशिनच अडत असेल तर ती मागणी कमिटी एका वाक्यात उडवते.

आणि हो, महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला असेल तर करार न करताही तो वाढतच असतो. ती वाढ 9,000 च्या आत की बाहेर, हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या.