पाच हजार एक रुपयांची भाऊबीज

भाऊबीजेच्या दिवशी बँकेत काउंटरवर फारशी गर्दी नसते. आमच्या कक्षाचं मात्र उलट असतं. मी एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात यूपीआयचं काम बघतो. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत माझ्या स्क्रीनवर जे आकडे सरकत असतात ते एरवीच्या दिवसासारखे नसतात. एरवी 37 रुपये, 240 रुपये, 1,318 रुपये असं काहीही दिसतं, कारण ते दूध, किराणा, पेट्रोलचं असतं. भाऊबीजेला 51, 101, 501, 1001 यांची नुसती रांग लागते. वरचा एक रुपया कुणी सोडत नाही. काही ॲप सणाला रंगीत पाकिटाचं चित्र दाखवतात आणि त्याखाली ह्याच रकमांचे तयार ठोकळे असतात. बोट लावलं की रक्कम भरली, खाली दोन शब्द लिहायचे, पिन टाकायचा. ते पाकीट त्या ॲपच्या बाहेर जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. बहिणीकडे दुसरं ॲप असेल तर तिला चित्रबित्र काही दिसत नाही, नुसती रक्कम दिसते.

2025च्या भाऊबीजेला साडेअकराच्या सुमारास शाखेतून फोन आला. एका खातेदार मावशींना माझ्याशीच बोलायचं होतं. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "साहेब, माझ्या अण्णाने पाच हजार एक पाठवलेत. त्याच्याकडे हिरवी खूण आलीय. माझ्याकडे मेसेज नाही. तो म्हणतो तुमचीच बँक खोटी."

मी अण्णांचा नंबर मागून घेतला. ते आमचे खातेदार नाहीत, त्यामुळे बहिणीच्या खात्यातलं त्यांना मी काही सांगू शकत नव्हतो, पण त्यांनी काय केलं ते विचारायला हरकत नव्हती. गोष्ट आदल्या दिवसापासून सुरू होत होती.

पाडव्याला अण्णांनी मुहूर्तावर नवीन फोन घेतला. संध्याकाळी दुकानदाराने जुन्या फोनमधलं सिम त्यात घातलं, ॲप टाकून दिलं, बँक खातं जोडून दिलं. सकाळी ओवाळून घ्यायला जाणं जमणार नव्हतं म्हणून त्यांनी बहिणीला पाच हजार एक पाठवायला घेतले आणि ॲपने सांगितलं की मर्यादा ओलांडली जाते आहे. खात्यात पैसे होते. अण्णांनी बँकेला दोन शिव्या घातल्या (हे त्यांनीच सांगितलं) आणि पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

फोन बदलला किंवा यूपीआय नव्याने सुरू केलं की पहिल्या 24 तासांत एकूण 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात. कुणी तुमचं सिम पळवून दुसऱ्या फोनवर खातं जोडलं तर एका दिवसात ते रिकामं होऊ नये म्हणून हा लगाम आहे. एरवी एका दिवसात एक लाखापर्यंत जातात. अण्णांचे पैसे अडले होते ते वरच्या एका रुपयामुळे. पाच हजार गेले असते, पाच हजार एक जात नव्हते. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "मग काय बहिणीला पाच हजारच पाठवू? शून्यावर संपलेली भाऊबीज देतात का कुठे?"

यात एक बरं असतं. असा व्यवहार दारातच अडवला जातो, खात्यातून छदामही कापला जात नाही. अडचण आली ती पुढे. अण्णांनी मुलाला हाक मारली. मुलाने आपल्या फोनवरून, आपल्या खात्यातून आत्याला पाच हजार एक पाठवले. आत्याचा मोबाईल नंबर टाकल्यावर बँकेत नोंदलेलं तिचं पूर्ण नाव वर आलं. 30 जून 2025पासून ॲपला ते दाखवावंच लागतं. आपण फोनमध्ये 'आत्या सोलापूर' म्हणून साठवलेलं असलं तरी पैसे पाठवताना खातेदाराचं खरं नाव समोर येतं, आणि नंबर चुकला असेल तर तिथेच कळतं. मुलाने ते नीट पाहिलं होतं. पिन टाकला, गोल चक्र फिरत राहिलं, 'प्रक्रिया सुरू आहे' असं आलं आणि थोड्या वेळाने हिरवी खूण उमटली. वेळ सांगितली पावणेअकराची.

वेळ ऐकल्यावर मला काय झालं असेल याचा अंदाज आला. साडेदहानंतर दहा-बारा मिनिटं आमची कोअर बँकिंग यंत्रणा, म्हणजे सगळ्या खात्यांचा हिशेब ठेवणारी मुख्य यंत्रणा, रेंगाळली होती. भाऊबीजेच्या सकाळी ती वेळ सगळ्यात भारी, कारण ओवाळणं उरकून सगळे एकदमच फोन हातात घेतात.

अशा वेळी आत काय होतं ते मी अण्णांना जसं सांगितलं तसंच इथे सांगतो. पैसे पाठवणं हे दोन पायऱ्यांचं काम आहे. पिन टाकल्यावर पाठवणाऱ्याची बँक आधी रक्कम कापते. मग एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, घेणाऱ्याच्या बँकेला सांगते की या खात्यात एवढे जमा करा. आम्ही 'केले' असं उत्तर द्यायचं असतं. त्या दहा मिनिटांत निरोप आमच्यापर्यंत पोचत होते, पण उत्तरं वेळेत परत जात नव्हती. उत्तर आलं नाही म्हणून एनपीसीआय तो व्यवहार रद्द धरत नाही, कारण आम्ही पैसे जमा करून मग गप्प झालो असू, हेही शक्य असतं. रद्द केला तर पैसे दोन्हीकडे जातील. म्हणून तो व्यवहार 'झाला असं मानलं' या वर्गात पडतो, पाठवणाऱ्याला हिरवी खूण दिसते, आणि पैसे खरंच जमा करणं ही आमची जबाबदारी होते. हिरवी खूण म्हणजे बहिणीच्या खात्यात पोचले असं नव्हे. पाठवणाऱ्याच्या बाजूचं काम संपलं, एवढाच तिचा अर्थ.

अण्णांचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. "मग मी परत पाठवू का पोराच्या फोनवरून?" नको म्हटलं. अशा वेळी लोक घाईने दुसऱ्यांदा पाठवतात, तासाभराने पहिलेही जमा होतात आणि मग परत मागण्याची वेळ येते. जमा झालेली रक्कम बँक खातेदाराच्या संमतीशिवाय काढून घेऊ शकत नाही, ती बहिणीलाच परत पाठवावी लागते. भाऊबीज परत पाठव म्हणून बहिणीला कोण सांगणार? मी त्यांच्या मुलाला ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात जाऊन बारा अंकी संदर्भ क्रमांक पाठवायला सांगितलं. ॲपवर तो यूपीआय व्यवहार क्रमांक किंवा यूटीआर म्हणून दिसतो. भाऊबीजेला ह्या क्रमांकाशिवाय शोधणं अवघड असतं. रक्कम सांगून उपयोग नाही, कारण 501 आणि 1001 च्या ढिगाऱ्यात कुठला कुणाचा ते रकमेवरून कळत नाही.

दुपारी एकच्या सुमारास सेटलमेंटची फाइल आली. दिवसात ठरावीक वेळांना ती येत असते आणि त्यात एनपीसीआयच्या मते झालेले सगळे व्यवहार असतात. आमच्या नोंदींशी ती ताडून पाहिली की कुठले जमा करायचे राहिले ते बाहेर पडतं. चाळीसेक ओळी निघाल्या. अण्णांच्या मुलाचा क्रमांक त्यात होता. जमा करायची प्रक्रिया चालवली आणि मावशींना मेसेज गेला असणार, असं समजून मी डबा उघडला.

डब्यातला घास तोंडात असतानाच मावशींचा फोन. "साहेब, पैसे आले, पण अण्णाचे नाहीत. भाच्याच्या नावाने आलेत. भाच्याकडून कशाला घेऊ? आत्याने भाच्याला द्यायचे की त्याने आत्याला? मी परत पाठवते."

बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम, पाठवणाऱ्याची ओळख आणि संदर्भ क्रमांक असतो. पाठवणाऱ्याने लिहिलेले शब्द त्यात नसतात. मी जमा झालेली नोंद उघडली. संदेशाच्या रकान्यात होतं: `Anna kadun bhaubij`. पोरगा हुशार. रोमन अक्षरांत लिहिलं हे तर फारच बरं केलं. या रकान्यात साधारण 50 अक्षरांची जागा असते, आणि आमच्या यंत्रणेत कुणी देवनागरीत लिहिलं की त्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. वर दोन फुलं आणि एक दिवा टाकला की तीही प्रश्नचिन्हंच. मी मावशींना तो संदेश वाचून दाखवला, वर अण्णांच्या नवीन फोनची आणि एका रुपयाची गोष्ट सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग मोठ्याने हसू. "मुहूर्तावर घेतला म्हणे फोन! बरं, पासबुकात हे छापून येईल का, अण्णाकडून म्हणून?"

येईल, पण सगळं नाही. पासबुकाच्या ओळीत जागा कमी, त्यात आधी संदर्भ क्रमांक आणि भाच्याचं नाव बसतं, संदेशाची पहिली काही अक्षरंच उरतात. 'Anna' एवढं आलं तर नशीब, असं मी सांगितलं. मावशींना तेवढं पुरेसं होतं.

ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक विचारलं. सकाळी व्हॉट्सॲपवर एक लिंक आली होती, 'ओवाळणी स्वीकारण्यासाठी पिन टाका' अशी. मी म्हटलं, ती पुसून टाका. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. ऑक्टोबर 2025पासून एका व्यक्तीने दुसऱ्याला पैशाची मागणी पाठवण्याची सोयही एनपीसीआयने बंद केली आहे, त्यामुळे अशी लिंक पाठवणारा भाऊ असण्याची शक्यता नाहीच.

बाकीच्या ओळी तीनपर्यंत जमा झाल्या. एक उरली, 51 रुपयांची. ज्या खात्यात ती जायची ते खातं बंद झालं होतं. अशी रक्कम पाठवणाऱ्याला परत करावी लागते, तीही दुसऱ्या दिवसापर्यंत. त्याहून उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमाप्रमाणे दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. 51 रुपयांवर रोज 100 रुपये दंड भरण्याची हौस कुणाला नाही. त्या ओळीच्या संदेशात फक्त चार प्रश्नचिन्हं होती. परतीची नोंद करून मी यादी बंद केली आणि थंड झालेली भाजी संपवायला घेतली.