तपासणीत निर्दोष ठरलेली स्लाइड

प्रशिक्षणाच्या स्लाइड्स बनवणं हे माझं काम. त्या दिवशी बेचाळीस स्लाइड्सची फाइल तयार होती. फाइल सगळ्यांना वापरता येईल का हे तपासणारं, पॉवरपॉइंटच्या `Review` टॅबमधलं `Check Accessibility` चालवलं, एकही तक्रार आली नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला येणाऱ्या एक बाई स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली, वापरतात. त्यांनी फाइल आधी मागितली होती, आणि ती उघडली तेव्हा मी शेजारीच बसले होते.

सतराव्या स्लाइडवर कॉल सेंटरच्या प्रतीक्षेचा आलेख होता. स्क्रीन रीडर म्हणाला, "प्रतीक्षा वेळ. ग्राफिक. आलेख." आणि पुढच्या स्लाइडवर गेला. बाई थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "हो, पण आलेखात आहे काय?"

चित्राऐवजी स्क्रीन रीडर जे वर्णन वाचतो, त्या ऑल्ट टेक्स्टच्या चौकटीत मी 'आलेख' एवढाच शब्द टाकला होता. तपासणी यंत्रणा चौकट रिकामी आहे का, हे पाहते. आतल्या शब्दातून काही कळतं का, हे तिला समजत नाही. मी मात्र तिच्या हिरव्या खुणेवर विसंबले होते.

मग ती एकच स्लाइड घेऊन बसले, तेव्हा दिसलं की ऑल्ट टेक्स्ट ही निम्मीच चूक होती. आलेख मी एक्सेलमधून चित्र म्हणून चिकटवला होता आणि जागेत बसावा म्हणून साठ टक्के केला होता. त्यातली बारा पॉइंटची अक्षरं त्यामुळे सात पॉइंटच्या आसपास आली होती. मागच्या रांगेतून ती कोणालाच वाचता आली नसती. महिन्यांची नावं `#999999` या करड्या रंगात होती. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर, 2.85:1 भरतो. साध्या आकाराच्या मजकुराला किमान 4.5:1 लागतो, अठरा पॉइंटच्या किंवा चौदा पॉइंट ठळक अक्षरांना 3:1 चालतो. तपासणी यंत्रणा मजकुराचा कॉन्ट्रास्ट पाहते, पण चित्रात गोठलेली अक्षरं तिच्या लेखी मजकूरच नसतात. म्हणजे तिन्ही दोष त्या एका चिकटवलेल्या चित्रात होते, आणि त्यातला एकही तिला दिसला नव्हता.

चित्र काढून पॉवरपॉइंटमध्येच आलेख नव्याने केला. अक्षरं अठरा पॉइंट, रंग `#595959`, म्हणजे साधारण 7:1. प्रोजेक्टरच्या खोलीत उजेडामुळे काळं फिकट पडतं, म्हणून किमान मर्यादेवर थांबायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. दिवस आणि रात्र पाळीच्या दोन रेषा आधी हिरव्या-केशरी होत्या आणि ओळख कोपऱ्यातल्या सूचीत. आता नाव रेषेच्या टोकाशीच लिहिलं आणि रात्रीची रेष तुटक केली. रंग ओळखण्याची गरजच उरली नाही.

ऑल्ट टेक्स्टला सर्वांत जास्त वेळ लागला. पहिला मसुदा होता: "दोन रेषांचा आलेख, तुटक रेष आधी वर जाते, मग उतरते." बाई म्हणाल्या, "आकार कळला. पण शेवटी किती मिनिटं झाली?" दुसऱ्यात मी बाराही महिन्यांचे चोवीस आकडे ओतले. ते एका दमात वाचले गेले आणि मार्चचा आकडा ऐकेपर्यंत जानेवारीचा निसटला. शेवटी हे ठेवलं:

"रात्रपाळीतली सरासरी प्रतीक्षा जानेवारीत 9 मिनिटं होती, जुलैत 11 झाली आणि डिसेंबरला 4 वर आली. दिवसपाळी वर्षभर 3 ते 4 मिनिटांत राहिली. महिनावार आकडे पुढच्या स्लाइडवरील तक्त्यात."

तक्ता खरा तक्ता म्हणून घातला, वरच्या ओळीला शीर्षकाची ओळ म्हणून खूण केली. त्यात त्या बाणाच्या कळांनी हव्या त्या महिन्यावर जाऊ शकल्या. स्लाइडचं शीर्षकही बदललं: "रात्रपाळीची प्रतीक्षा 9 वरून 4 मिनिटांवर."

तेव्हा बाईंनी विचारलं, "जुलैत काय झालं होतं?" मला माहीत नव्हतं. आलेख देणाऱ्या विभागाला फोन केला, तर त्या महिन्यात फोनची यंत्रणा बदलली होती. स्लाइडवर ते कुठेच नव्हतं. डोळ्यांनी पाहणाऱ्यांनीही तो उंचवटा पाहून सोडून दिला असता. आता जुलैच्या बिंदूशेजारी "नवी यंत्रणा" लिहिलंय.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. इतरांना रेष दिसते, तिच्यावरून ते आपापला अर्थ काढतात. त्या बाईंना आधी मी काढलेला अर्थ मिळतो. जुलै महत्त्वाचा, मे नाही, हे मी ठरवलं. तक्ता दिला म्हणून हे थोडं हलकं होतं, पण ऑल्ट टेक्स्ट लिहिताना आकडे निवडणारी मीच असते. आता असा आलेख आला की मी आकडे देणाऱ्या विभागाकडूनच दोन वाक्यं लिहून मागते. बहुतेक वेळा उत्तर येतं, "आलेख बघितला की कळतं." तेव्हा मी तो आलेख न दाखवता फोनवरच समजावून सांगायला लावते, आणि ते सांगतात ते लिहून घेते.