किटली अपडेट: खोका धड, तोटी मोडलेली

नागपूरला पाठवलेली किटली पोचली. खोक्याला साधा पोचा नाही, टेप जशीच्या तशी, आणि आत तोटी बुडातून निखळलेली! मागच्या वेळी ३-प्लायचा खोका सोडून ५-प्लाय घेतला तेव्हा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. खोक्याचा दोष नव्हताच म्हणायचा.

पहिली शंका जोडावर. तोटी लावताना ओरखडे आणि स्लिप नीट नसेल तर ती जोडावरूनच सुटते आणि मोडलेल्या जागी ओरखड्यांच्या रेघा दिसतात. ताईंनी पाठवलेल्या फोटोत रेघा नाहीत. चीर सरळ मातीतून गेली आहे. ग्लेझच्या कडाही धारदार आहेत. बिस्कमध्येच तडा असता तर ग्लेझ वितळून त्या कडा गोलावल्या असत्या. भट्टी थंड होतानाच्या तड्याच्या कडाही धारदारच असतात, पण तो टिचकीला बद् वाजला असता, आणि ही किटली निघताना खणखणीत वाजत होती. म्हणजे मोडली ती वाटेतच.

मग सेकंडमधली एक किटली तशीच बांधून कंबरेच्या उंचीवरून, साधारण ७६ सेंटीमीटरवरून, टाकायला घेतली: आधी एक कोपरा, मग तीन कडा, मग सहा बाजू. पॅकेजिंगवाल्यांची चाचणी याच क्रमाने असते. कडेवर पडताच तोटी गेली. उघडून पाहिलं तर कारण समोर होतं. बबल रॅप आवळून गुंडाळला की गाठोड्याचं सगळ्यात बाहेरचं टोक म्हणजे तोटीचं टोक. खोका जमिनीवर थांबतो, पण आतलं जड पोट पुढे जातच राहतं आणि सगळा भार त्या टोकावर येतो. बबल कितीही गुंडाळा, टोक बाहेरच राहतं.

त्यामुळे आता उलटं करतोय. आधी फक्त पोटाभोवती पन्हळी पुठ्ठ्याची पट्टी, इतकी जाड की भार पोटानेच झेलावा. तोटीभोवती चुरगळलेला टिश्यू, सैलसर. कानाच्या पोकळीतही तसाच. तिथे ठासून भरलं तर कान आतूनच ताणला जातो. झाकण वेगळं गुंडाळून बाजूला. मग आतला खोका, आणि त्याच्याभोवती सगळीकडून ५ सेंटीमीटर भराव देऊन बाहेरचा. खोका हलवल्यावर आत काही सरकलेलं जाणवलं तर पुन्हा उघडायचा. या बांधणीत त्याच क्रमाने टाकलेली किटली शाबूत निघाली. त्या संध्याकाळी चहा तिच्यातच केला.

‘फ्रॅजाइल’ स्टिकरवर मात्र माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.

आता खर्च. तोटीपासून कानापर्यंत किटली २५ सेंटीमीटर, पोट १६. सरळ ठेवली तर बाहेरचा खोका ४१×३२×२८ होतो. कुरिअरवाले ५००० ने भागतात, म्हणजे ७.३५ किलोचं भाडं, आणि खरं वजन दोन किलोसुद्धा नाही! हे लिहिता लिहिता सुचलं: तिरकी ठेवली तर? आतला खोका २२ चा चौरस घेतला तर कर्ण ३१ येतो. तोटी एका कोपऱ्यात, कान समोरच्या कोपऱ्यात, दोन्हीकडे ३ सेंटीमीटर मोकळे. बाहेरचा ३२×३२×२८, भाडं ५.७३ किलोचं. आता ठोक खोके सरळ या मापाचेच मागवणार. आयताकृती खोक्यांचा बेत रद्द. तिरकी बांधणी अजून टाकून पाहायची आहे, त्यानंतरच ऑर्डर.

राहिलं वर्णन आणि बदलीच्या अटी. आमच्या कुरिअरच्या नुकसानभरपाईत काच आणि सिरॅमिक वगळलेलं आहे, त्यामुळे फुटलं तर भुर्दंड माझाच, म्हणून शब्द चोख हवेत. सध्याचा मसुदा असा:

‘स्टोनवेअर किटली, काठोकाठ ७५० मिली. ग्लेझवरची बारीक जाळी मूळची आहे, तो तडा नव्हे. दोन खोक्यांत, तोटी मोकळी ठेवून पॅक. फुटलेली निघाल्यास ४८ तासांत बाहेरचा खोका सर्व बाजूंनी, आतला भराव आणि तुकडे यांचे फोटो पाठवा. तोवर पॅकिंग टाकू नका. तुकडे परत पाठवायची गरज नाही. बदली पुढच्या भट्टीतून. रंगछटा थोडी वेगळी येऊ शकते. ती नको असल्यास भाड्यासह पूर्ण पैसे परत. फक्त झाकण फुटलं तरी पूर्ण किटली बदलून मिळेल.’

शेवटच्या वाक्यावर घरात वाद झाला. पण झाकण आणि किटली एकाच मातीची, एकत्र सुकलेली, एकत्र भाजलेली असतात. आमची माती ओल्यापासून पक्क्यापर्यंत साधारण १२ टक्के आकसते. नंतर घडवलेलं झाकण एक तर अडकतं, नाही तर खडखडतं. जास्तीची झाकणं त्याच भट्टीत भाजून ठेवायची म्हटलं तर शेल्फवर जागा कुठली? तरीही पुढच्या लोडमध्ये प्रत्येक मापाचं एकेक जास्तीचं झाकण घालून बघतोय. नीट बसली तर ते वाक्य बदलेन.

५-प्लायचे चौरस खोके थोड्या संख्येने देणारा पुण्यातला कुणी पुरवठादार माहीत असेल तर सांगा. मला शंभराच्या खाली कुणी उभं करत नाही.