नवं नाव घरच्यांच्या तोंडी कसं बसवायचं?

“ट्रान्झिशन करायचं ठरवलंय. नवं नाव कसं निवडू, आणि मित्रांना, घरच्यांना ते कसं सांगू?”

समजा, जुनं नाव विवेक आहे आणि आता मुलगी म्हणून जगायचंय. विभा, विद्या अशी जवळची नावं आधी सुचतात. पण सुरुवात सारखी असली की ‘वि’ म्हणता म्हणता जीभ सवयीने ‘विवेक’वरच जाते. म्हणून पहिला उच्चार वेगळा असलेला बरा. घरी पत्रिका मानत असतील आणि नक्षत्र रोहिणी असेल, तर तिच्या चार चरणांची अक्षरं ओ, वा, वी, वू. त्यातल्या ‘ओ’वरून ‘ओवी’ घेता येतं. आजीला हे आद्याक्षर पटतं, आणि विवेकशी गल्लतही होत नाही.

किरण, शीतल, स्नेहल ही नावं मुलामुलींना दोघांनाही चालतात, म्हणून सोपी वाटतात. पण मराठीत नुसत्या नावाने भागत नाही. ‘किरण आला’ चालूच राहिलं, तर नाव बदलूनही काही बदलत नाही. ‘अगं’ आणि ‘आली’ हेही नावासोबतच मागा. घरात तर नावापेक्षा ‘अरे’, ‘सोन्या’ अशाच हाका जास्त असतात, त्यामुळे ती हाक बदलणं जास्त महत्त्वाचं.

नाव पक्कं करण्याआधी एका विश्वासू मैत्रिणीला दोन-तीन आठवडे त्याच नावाने हाक मारायला सांगा. लांबून हाक आली की आपण वळतो का? वडिलांचं नाव आणि आडनाव जोडून म्हटलं की कसं वाटतं? नाही रुचलं तर इथेच बदला, कारण सगळ्यांना सांगून झाल्यावर पुन्हा बदललं की “अजून ठरलेलं दिसत नाही” म्हणायला नातेवाईकांना निमित्त मिळतं.

मग भावंडं, त्यानंतर आईवडील. नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात शेवटी. तिथे आधी टाकलं तर आईला काकूच्या फोनवरून कळतं, आणि नावापेक्षा तो अपमानच तिच्या मनात राहतो. आईवडिलांना सहभागी करायचं असेल, तर स्वतःला आवडलेली दोन-तीन नावं समोर ठेवा. “तुम्हीच सुचवा” म्हटलं आणि त्यांचं नाव नाकारावं लागलं, तर नवाच वाद होतो. आत्याशी जवळीक असेल तर तिला आधी एकटीला गाठा. बारशाला नाव कानात सांगण्याचा मान तिचा, म्हणून तिने नवं नाव घेतलं की बाकीच्यांना ते नाकारणं जड जातं.

मित्रांना मेसेज छोटाच करा: “यापुढे माझं नाव ओवी. ‘ती आली’ असं म्हणा. घरी अजून सांगितलेलं नाही, आईसमोर जुनंच नाव घ्या.” हे शेवटचं वाक्य गाळू नका. राहणं किंवा शिक्षणाचा खर्च घरच्यांवर अवलंबून असेल, तर घरी सांगण्याची घाई नको. बाहेर नवं नाव वापरत राहता येतं.

कोणी चुकून “तो आला” म्हणालं, तर लगेच “आली” एवढंच म्हणा आणि बोलणं पुढे न्या. लांबलचक माफी मागू लागलं की सगळं त्या चुकीभोवतीच फिरतं, शेवटी समजूत आपल्यालाच काढावी लागते. पण मुद्दाम जुनं नाव घेणाऱ्याला चारचौघांत उत्तर देण्यापेक्षा नंतर एकट्याला स्पष्ट विचारा.