चौदावं प्रकरण परत फाडलं

मंदा आणि कापूस खरेदी केंद्रावर माल तपासणारा ग्रेडर यांच्या प्रेमाची कादंबरी मी लिहितेय. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की तिचं चौदावं प्रकरण जमलं. नाही जमलं. रविवारी मावसबहीण पांढरकवड्याहून आली, ओसरीवर बसून एका दमात वाचलं आणि म्हणाली, "काऊन वं, मंदा एवढ्या लवकर पाघळली? परवापर्यंत तर त्याचं तोंड पाहत नव्हती!"

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी सगळी पानं झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. मोबाईलवर वाचून हा दोष दिसतच नाही, कागद पसरावाच लागतो. मंदाच्या रागाच्या ओळींखाली लाल पेन्सिल, तिचं मत जरासं हललं तिथं हिरवी. तेरा प्रकरणं नुसती लाल. चौदाव्यात अवकाळी पाऊस येतो, ग्रेडर धावत येऊन तिच्या कापसावर ताडपत्री टाकतो, आणि तिथून पानंच्या पानं हिरवी. पावसानं उपकार वाटतील, पण तेरा प्रकरणांचा राग कसा जाईल?

खरी खोट मात्र चौदाव्यात नव्हतीच, ती तिसऱ्यात निघाली. तुम्हाला आठवत असेल, खरेदी केंद्रावर ग्रेडर मंदाच्या बापाच्या गाडीत मीटर खुपसतो, ओलावा १४ दाखवतो आणि माल परत जातो. हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत कपात आणि १२ च्या वर माल परत, हे आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक. पुढं मी मीटरच बिघडलेलं दाखवलं होतं. म्हणजे भांडण गैरसमजाचं. गैरसमज मिटला की माणसं होती तिथंच परत येतात, कुणाला बदलावं लागत नाही. उलट त्यानं खरंच पैसे खाऊन माल परत केला असता, तर मंदानं त्याला माफ केलेलं मलाच पटलं नसतं.

म्हणून परत जेन ऑस्टेनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' काढलं (१८१३ चं). ६१ प्रकरणांपैकी ३४ व्यात डार्सी मागणी घालतो आणि एलिझाबेथ त्याला झाडते. ३५ व्यात तो पत्र देतो. तिचे मोठे आरोप दोन. विकहॅमवर अन्याय केल्याचा आरोप खोटा ठरतो, पण बहिणीचं जमत आलेलं मोडल्याचा खराच राहतो. त्याची कारणं तेवढी कळतात. आणि त्या पत्रानं ती प्रेमात पडत नाही, तिचा फक्त स्वतःच्या पारखीवरचा भरवसा उडतो. मग ४३ व्या प्रकरणापर्यंत दोघांची गाठच नाही! मी यावरून इतक्या वेळा गेले, पण ही मोकळी जागा कधी मोजली नव्हती. ऑस्टेननं आधी एलिझाबेथचं मत बदललं, मन नंतर, आणि मध्ये तिला एकटीला विचार करायला वेळ दिला.

आता माझं तिसरं प्रकरण असं आहे. मीटर बरोबर, १४ खरेच. भल्या पहाटे दवात वेचलेला कापूस होता, आणि वेचायची घाई मंदानंच केली होती. पण ग्रेडर चारचौघांत तिच्या बापाला म्हणतो, "पाणी मारून आणलं का?" आकडा खरा, बोलणं घाण. दोघांच्याही वाट्याला चूक आली. मंदाला स्वतःची चूक नवव्या प्रकरणात कळते, तीही घरी, कापूस वाळवताना, तो समोर नसताना. पहिली हिरवी ओळ तिथं पडली. एकच ओळ, पण ती उमटली तेव्हा मी उठून चहा मांडला.

चौदाव्यातला पाऊस गेला. त्याऐवजी मंदा रांगेत मागं उभी आहे, पुढं एका म्हातारीचा माल १३ वर. तिला वाटतं, आता परत अपमान. तो हळू आवाजात म्हणतो, "आजी, उन्हात पसरवा, दुपारी परत पाहतो." दुपारी साडेअकरा भरतात, माल घेतो. आकड्यात त्यानं कुणालाच सूट दिली नाही. ज्या ताठपणाचा मंदाला संताप होता तो तसाच आहे, बोलायची रीत बदलली. आणि ती पाहतेय हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर वाचणाऱ्याला ते तिच्यासाठी केलेलं नाटक वाटलं असतं.

सतराव्यात दोघं 'अहो-जाहो'वरून 'तू'वर येणार होती. हे लिहिता लिहिताच तो बेत रद्द करतेय. मंदा तिसऱ्या प्रकरणापासून त्याला "साहेब" म्हणते, टोचायला. तोच शब्द शेवटपर्यंत ठेवते. शब्द एकच, फक्त कधी, कुठं आणि किती हळू म्हटला ते बदलायचं. बोलून टाइप करणं मात्र सोडलं, ते वऱ्हाडी संवादाची पार वाट लावतं. संवाद वहीतच.

आता दहा ते तेरामध्ये दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचंय. ग्रेडरला हिंगणघाटच्या केंद्रावर पाठवावं म्हणते, पण मग म्हातारीचा प्रसंगही तिथंच न्यावा लागेल, आणि मंदा एवढ्या लांब कापूस घेऊन का जाईल याला कारण हवं. आज रात्री तेच धरून बसते.