मुंबईच्या पावसाळ्यात बंदिस्त पूलची हवा कोरडी ठेवताना

मुलुंडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या बंदिस्त स्विमिंग पूलचं हवेचं आणि पाणी तापवण्याचं डिझाइन मी केलं. पूल १५ बाय ६ मीटर, भोवतीचा डेक धरून हॉल १८० चौरस मीटर. पाहणी जुलैतली. जिम आणि पूल यांच्यामधल्या काचेवरून पाण्याचे ओघळ येत होते, फॉल्स सीलिंगच्या सळया गंजल्या होत्या. काचेची एक बाजू २२ अंशांच्या जिमकडे, दुसरी ३० अंशांच्या हॉलकडे असली, तर काच साधारण २६ अंशांवर राहते. तिच्यावर दव धरतंय म्हणजे हॉलमधली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली आहे, एवढं मीटर न लावताही कळतं.

कमिटीने स्प्लिट एसी बसवले होते आणि ते २४ अंशांवर लावलेले असत. पूलच्या हवेला हे मानवत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाचा बाष्पदाब आणि हवेतल्या बाष्पाचा दाब यांतल्या फरकावर बाष्पीभवन ठरतं. हिशोबाचं सूत्र असं:

```
W = 4×10⁻⁵ × A × (pw − pa) × Fa
```

W म्हणजे सेकंदाला किती किलो पाणी उडतं, A पाण्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, pw पाण्याच्या पृष्ठभागाचा आणि pa हवेतल्या बाष्पाचा दाब, दोन्ही किलोपास्कलमध्ये, आणि Fa हा वर्दळीचा गुणक. सोसायटीच्या पूलसाठी मी तो ०.६५ धरते. पाणी २८ अंशांवर आणि हवा २४ अंश, ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर तासाला सुमारे १६.८ किलो पाणी उडतं. तीच आर्द्रता ठेवून हवा ३० अंशांवर नेली की आकडा १०.४ वर येतो. म्हणून हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवायची, पण ३० च्या वर न्यायची नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ३० अंशांत पालक कसे बसणार हो?" त्यांचं म्हणणं रास्तच होतं. ओल्या अंगाने बाहेर येणाऱ्या मुलाला ३० अंश बरे वाटतात, कपडे घालून बसलेल्याला नाही. मग पालकांची बाकं काचेपलीकडे, जिमच्या बाजूला घेतली. हवेच्या ग्रिल काचेकडे तोंड करून लावल्या. पाण्यावर थेट झोत आला की बाष्पीभवन पुन्हा वाढतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मशीनच्या क्षमतेवर. पुरवठादाराने हवेतून तासाला १२ लिटर पाणी काढणारा डीह्युमिडिफायर सुचवला होता. पूलच्या १०.४ किलोला तो पुरेसा दिसतो. पण हॉलला ताजी हवा द्यावीच लागते, नाहीतर पाण्यातल्या क्लोरीनपासून बनणारं क्लोरामाइन साठून डोळे चुरचुरतात. डेकसकट दर चौरस मीटरला सेकंदाला २.४ लिटर, म्हणजे इथे ४३२ लिटर. थंड देशांत हिवाळ्यातली बाहेरची हवा कोरडी असते आणि हॉलमधला ओलावा ओढून नेते. मुंबईत जुलैची २८ अंशांची, ८८ टक्के दमट हवा किलोमागे २१ ग्रॅम पाणी घेऊन येते, तर हॉलला चालतात फक्त १६ ग्रॅम. या फरकातून तासाला सुमारे ९ किलो पाणी बाहेरून आत येतं, जवळजवळ आणखी एक पूल असल्यासारखं! एकूण भार १९ च्या पुढे जातो. शिवाय कॅटलॉगमधले १२ लिटर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवरचे होते. ६० टक्क्यांवर तेच मशीन त्याहून बरंच कमी पाणी काढतं. मी ३० अंश, ६० टक्क्यांवर २२ किलो काढणारं मशीन मागितलं. खर्च वाढला, पण आकडेमोड समोर ठेवल्यावर कमिटीने मान्य केलं.

उष्णतेचा हिशोब यातूनच निघतो. १०.४ किलो पाणी उडताना पूलमधून ७ किलोवॉट उष्णता जाते. डीह्युमिडिफायर पावसाळ्यात एकूण ओलाव्यातून सुमारे १३ किलोवॉट परत मिळवतो, वर कॉम्प्रेसरची उष्णता वेगळी. ती पूलच्या पाण्यात आणि सुकलेली थंड हवा पुन्हा गरम करण्यात वापरली. तरीही ती उरतेच, आणि तिला वाट नसली तर पूल कोमट होत जातो. म्हणून ती बाहेर टाकायला गच्चीवर जादा कंडेन्सर घेतला. नव्याने भरलेलं पाणी २४ वरून २८ अंशांवर न्यायला मात्र सुमारे ५०० युनिट उष्णता लागते. त्यासाठी २० किलोवॉटचा हीट पंप वेगळा ठेवला. पूलची घट वजा जाता तो दीड दिवसाहून थोडा जास्त वेळ घेतो.

ताज्या हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या डॅम्परचं सेटिंग मी स्वतः उभी राहून करून घेतलं. त्याने सापेक्ष आर्द्रता नव्हे, तर दवबिंदू पाहायला हवा. हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री बाहेर २४ अंश आणि ८० टक्के असलं, तर आकडा हॉलपेक्षा दमट वाटतो. प्रत्यक्षात त्या हवेत किलोमागे १५ ग्रॅमच पाणी असतं, हॉलमध्ये १६. अशा वेळी डॅम्पर उघडून मशीनचा भार थोडा हलका करता येतो.