सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची पाहणी: काय पाहिलं आणि अहवालात कसं उतरवायचं

घाटमाथ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा दिवसाला २० लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. तक्रार एकच होती: शेवटच्या निवळण टाकीतून सकाळी गाळ वाहून जातो आणि नाल्यात काळसर पाणी उतरतं. अशा भेटीला जाणाऱ्यांनी सकाळी ८ च्या आत पोहोचावं. गावातलं आंघोळी-धुण्याचं पाणी ८ ते १० च्या दरम्यान येतं आणि दोष तेव्हाच दिसतो. दुपारी गेलात तर टाकी निवळलेली दिसेल आणि अहवालात "कामकाज समाधानकारक" असं लिहून मोकळे व्हाल.

पाणी जसं वाहतं त्याच क्रमाने फिरावं: जाळी, वाळूकुंड, वायुवीजन टाकी, निवळण टाकी, क्लोरीन, शेवटी गाळातलं पाणी दाबून काढणारा फिल्टर प्रेस. पाणी जिथे प्रथम साठतं त्या खोल खड्ड्यात, म्हणजे संपात, मात्र वाकून डोकावू नये, उतरण्याचा तर प्रश्नच नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो.

साडेआठला निवळण टाकीच्या दातेरी पट्टीवरून तपकिरी ढगासारखा गाळ सांडताना दिसला. पारदर्शक नळी सरळ खाली सोडून वर काढल्यावर गाळाची पातळी पृष्ठभागापासून फक्त ६० सेंटिमीटरवर भरली. बरेच अहवाल इथेच थांबतात आणि "निवळण टाकी साफ करावी" अशी शिफारस करतात. टाकी साफ केली तरी आठ दिवसांत ती पुन्हा भरते, कारण गाळ येतो वायुवीजन टाकीतून.

म्हणून वायुवीजन टाकीच्या बाहेर पडण्याच्या टोकाचं पाणी-गाळाचं मिश्रण एक लिटरच्या मापपात्रात घेऊन जागेवरच ३० मिनिटं ठेवलं. बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं तर गाळ वेगळाच बसतो, तो आकडा धरू नये. गाळ ८८० मिलिलिटरवर थांबला. त्याच नमुन्यातला कोरडा गाळ प्रयोगशाळेत प्रतिलिटर ५.५ ग्रॅम आला. ८८० भागिले ५.५ म्हणजे १६०. गाळाचा हा निर्देशांक १५० च्या वर गेला की तंतुमय जिवाणू वाढल्याचा संशय येतो आणि घाईने परतीच्या गाळात, म्हणजे निवळण टाकीतून वायुवीजन टाकीत परत सोडल्या जाणाऱ्या गाळात, क्लोरीन टाकायला सांगितलं जातं.

त्याआधी दुसरं पात्र लावायलाच हवं. अर्धा लिटर मिश्रण आणि अर्धा लिटर स्वच्छ, क्लोरीन घालण्याआधीचं प्रक्रिया केलेलं पाणी. यात गाळ ३०० वर बसला. दुप्पट करून ६००, भागिले ५.५, म्हणजे १०९. गाळ मुळात चांगला बसणारा आहे. पहिल्या पात्रात फक्त दाटी झाली होती. हाच आकडा १६० च्या आसपास किंवा वर राहिला असता, तर सूक्ष्मदर्शकाखाली तंतू शोधायला हवे होते.

मग गाळ साठला का? उत्तर प्रेसच्या नोंदवहीत मिळालं. दिवसाला दोन घाण्यांऐवजी एकच निघत होता, कारण कापडं चोंदल्यामुळे एका घाण्याला सहा तास लागत होते. जादा गाळ काढायला जागाच नव्हती. नोंदवही चाळताना एक पाहावं: विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा तिन्ही पाळ्यांत महिनाभर "२.०" असेल, तर तो मोजलेला नाही. तसं अहवालात लिहावं आणि स्वतः मोजलेला आकडा वेळेसह शेजारी द्यावा. ऑपरेटरने सांगितलेलं "ऑपरेटरच्या सांगण्यानुसार" असंच लिहावं. बीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनची, मर्यादा त्या प्रकल्पाला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतिपत्रातून उतरवावी. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांना आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्यांना २० आणि इतरांना ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, पण संमतिपत्रात त्याहून कडक अट असू शकते.

शिफारस हिशेबासह द्यावी, म्हणजे अभियंत्याला ती राबवता येते. वायुवीजन टाकी १,५०० घनमीटर, म्हणजे प्रतिलिटर ५.५ ग्रॅमने आत ८,२५० किलो गाळ. प्रतिलिटर ४ ग्रॅमवर आणायचं तर ६,००० किलो पुरे. २,२५० किलो जास्त आहे. परतीच्या गाळात घनमीटरला साधारण ९ किलो असतात, म्हणजे २५० घनमीटर काढायचा. एकदम काढला तर प्रक्रियेचे जिवाणूच कमी पडतात. म्हणून २५ दिवस, रोजच्या काढणीखेरीज १० घनमीटर.

अहवालात ते असं लिहिता येईल: "प्रेसची कापडं उच्चदाबाने धुवावीत, फाटकी बदलावीत आणि दिवसाला दोन घाणे पूर्ववत करावेत, जबाबदारी देखभाल ठेकेदाराची, मुदत ७ दिवस. त्यानंतर २५ दिवस वरीलप्रमाणे जादा गाळ काढावा. ३० मिनिटांची चाचणी रोज सकाळी घ्यावी." हा क्रम उलटवू नये, प्रेस सुरू होण्याआधी गाळ काढायला सांगितलं तर तो नाल्यात सोडला जाण्याची भीती असते.

जादा गाळ काढायला लागल्यापासून चौथ्या आठवड्यात पहिल्या पात्राचा आकडा ४४० च्या आसपास यायला हवा. फेरतपासणीची तारीख आणि हा आकडा शिफारशीच्याच ओळीत टाकावा. तोवर आकडा हलला नसेल, तर आधी प्रेसच्या घाण्यांची नोंद पाहावी, टाकीकडे नंतर वळावं.